डबा कांदा-लसणाचा नाही, आणि सूर्यास्तानंतरचाही नाही!
सावेडीच्या गर्दीत नवख्याने दरयुद्ध टाळायचे कसे, याचा एक हिशेब

सावेडी : प्रतिनिधी

प्रोफेसर कॉलनी चौकापासून भिस्तबागेपर्यंत, पाइपलाइन रोड असो की गुलमोहर रोड, ‘घरगुती डबा मिळेल’ ही पाटी आता नवी राहिलेली नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, खोली घेऊन राहणारे नोकरदार आणि नागापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे तरुण यांच्या जोरावर अहिल्यानगरच्या (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) या उपनगरात डब्याचा धंदा फोफावला आहे. त्यात उतरण्यासाठी लागणारे भांडवलही फारसे नाही. शेगडी, भांडी आणि एक दुचाकी एवढ्यावर सुरुवात होते. अडचण नेमकी इथेच आहे. जिथे शिरणे सोपे, तिथे शिरणारेही पुष्कळ. मग सगळ्यांची पोळी-भाजी-वरण-भात सारखीच दिसू लागते आणि ग्राहकाच्या हाती निवडीचे एकच साधन उरते, ते म्हणजे दर.

दोनशे रुपयांची किंमत

दर उतरवणे नवख्याला सोपे वाटते, पण त्याचा हिशेब मात्र क्रूर आहे. समजा, दोन वेळच्या डब्याचा महिन्याचा दर २,६०० रुपये आहे, म्हणजे महिन्याला साठ डबे. शिधा, गॅस आणि पोहोचवण्याचा खर्च मिळून एका डब्याला ३८ रुपये पडले, तर साठ डब्यांचे २,२८० रुपये होतात. एका ग्राहकामागे हाती राहतात ३२० रुपये. असे चाळीस ग्राहक असले, तर महिन्याकाठी १२,८०० रुपये सुटतात.

आता शेजारच्या गल्लीत कोणी २,४०० रुपयांची पाटी लावली आणि ग्राहक टिकवण्यासाठी याही घराने दर तितकाच खाली आणला, तर काय होईल? दर उतरला जेमतेम आठ टक्क्यांनी. पण ३२० रुपयांचे राहिले १२०, म्हणजे मिळकत जवळजवळ दोन तृतीयांशाने घटली. पूर्वीइतकेच पैसे मिळवायचे, तर चाळीसऐवजी १०७ ग्राहक हवेत. तेवढ्या पोळ्या एका बाईच्या हातून होत नाहीत. मदतनीस ठेवावी, तर तिच्या पगारात वाढीव मिळकत जाते. न ठेवावी, तर भाजी पातळ होते, तेल हलके येते आणि ग्राहक तुटू लागतात. दरयुद्धात बंद पडलेली खाणावळ बहुधा ग्राहकांअभावी बंद पडलेली नसते. ग्राहक असतानाच ती आतून पोखरली गेलेली असते.

कोपरा कसा शोधायचा?

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट अधिक चविष्ट भाजी करण्यात नाही. चव प्रत्येकाच्याच पाटीवर असते. प्रश्न असा विचारायला हवा की, आज सावेडीत मिळणारा डबा कोणाला मुळीच चालत नाही? ज्याला तो महाग वाटतो, त्याच्यामागे लागून उपयोग नाही. ज्याला तो खाताच येत नाही, तो माणूस शोधायचा.

नगर शहरात याचे एक उत्तर समोरच आहे. आचार्य आनंदऋषीजींचे समाधिस्थान असलेल्या या शहरात जैन समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक येतात. शिक्षणासाठी आलेली जैन मुले-मुली आहेत आणि मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर मागे राहिलेली वृद्ध जोडपीही आहेत. यांतील नियम पाळणाऱ्यांना कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा ही कंदमुळे चालत नाहीत. शिवाय अनेकांना रात्रिभोजन वर्ज्य असते. चौविहार करणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत.

सर्वसाधारण डबा या दोन्ही नियमांवर अडखळतो. त्याच्या रश्श्याचा पायाच कांदा-लसणाच्या वाटणाचा असतो आणि संध्याकाळचा डबा घरोघरी पोहोचेपर्यंत आठ वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस नगरला सूर्य सायंकाळी सहाच्या आतच मावळतो; जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात चौविहाराचा डबा साडेपाचपर्यंत दारात हवा. जो स्वयंपाकी विद्यार्थ्यांसाठी सात वाजता पोळ्या लाटायला बसतो, त्याला पंधरा-वीस लोकांसाठी सगळे वेळापत्रक अडीच तास अलीकडे ओढणे परवडत नाही. ही गैरसोय हेच नवख्याचे कुंपण. कोपरा अरुंद आहे तो एवढ्याचसाठी, की मोठ्याला त्यात वळता येत नाही.

हिशेब पुन्हा मांडला तर

हाच धंदा आता फक्त संध्याकाळच्या जैन डब्याचा आहे असे धरू. दर एका डब्याला ७५ रुपये, महिन्याचे २६ दिवस, ग्राहक २५. शिधा थोडा महाग पडतो, कारण कांद्याने रश्श्याला येणारा दाटपणा टोमॅटो, दही, बेसन किंवा शेंगदाण्याच्या कुटाने आणावा लागतो. पोहोचवण्याचा खर्चही वाढतो, कारण सगळे डबे तासाभरात गेले पाहिजेत. म्हणून खर्च ३८ ऐवजी ४८ रुपये धरला, तरी एका डब्यामागे २७ रुपये सुटतात. महिन्याचे होतात १७,५५०. पहिल्या उदाहरणात १२,८०० रुपयांसाठी महिन्याला २,४०० डबे भरावे लागत होते. इथे ६५० डब्यांत त्याहून अधिक मिळकत होते. दोन्ही हिशेबांत घरच्या माणसांची मजुरी आणि जागेचे भाडे धरलेले नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या बाजारातील भाव घालून पाहावेत.

मात्र, याला भूगोलाची मर्यादा आहे. साडेचारला निघून साडेपाचपर्यंत २५ डबे द्यायचे, तर एका डब्यामागे अडीच मिनिटेही मिळत नाहीत. ग्राहक दोन-तीन लगतच्या वसाहतींत असतील, तरच एका दुचाकीवर हे जमते. केडगावचा एखादा ग्राहक ७५ ऐवजी ९० रुपये द्यायला तयार असला, तरी तो नाकारणेच शहाणपणाचे. इथे उशिरा आलेला डबा नुसता थंड होत नाही, तो निकामी होतो. घेणाऱ्याला रात्रभर उपाशी राहावे लागते आणि असा प्रसंग दोनदा घडला की गिऱ्हाईक परत येत नाही.

आधी यादी, मग शेगडी

कोपरा खरोखर आहे की नाही, हे भांडी घेण्याआधीच पारखता येते. चारांतले एक घर नियमित डबा घेईल असे धरले, तर २५ डब्यांसाठी निदान शंभर योग्य घरांची नावे हाताशी हवीत. ती स्थानकात, वसतिगृहांत आणि रुग्णालयाजवळच्या खोल्यांत विचारपूस करून जमवावी लागतात. यादी चाळिशीवरच थांबली, तर कोपरा फार अरुंद आहे असे समजावे. ‘डबा सुरू केला तर घ्याल का?’ या प्रश्नाला कोणीही तोंडदेखले ‘हो’ म्हणते. त्याऐवजी आठ दिवसांचे पैसे आगाऊ मागावेत. जे देतील तेवढेच ग्राहक खरे.

प्रत्येकाचे नियमही सारखे नसतात, म्हणून तीन प्रश्न पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे लागतात. कंदमुळे सगळीच बंद आहेत का? जेवण सूर्यास्तापूर्वीच हवे का? आणि अष्टमी-चतुर्दशीसारख्या तिथींना हिरवी भाजी चालते का? ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी त्या दिवशी गट्टे, कढी, पापडाची भाजी किंवा मुगाची मोगर डाळ करावी लागते आणि वरून कोथिंबीरही घालता येत नाही. ओले आले चालत नाही, पण सुंठ चालते. या बारकाव्यांची माहिती नसलेल्याने फक्त पाटीवर ‘जैन’ हा शब्द लिहिला, तर तो पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. अशा ठिकाणी विश्वास हाच माल असतो. म्हणून त्या घरात कांद्याची भाजी वेगळ्या कढईतही न शिजवणे बरे.

वर्षाचा चढ-उतारही ध्यानात घ्यावा लागतो. चातुर्मासात नियम पाळणारे वाढतात, तशी मागणी वाढते. पर्युषणात अनेकांचे उपवास असल्याने आठवडाभर डबे घटतात. उन्हाळी सुट्टीत विद्यार्थी गावी जातात. वर्षातले दोन महिने निम्म्या डब्यांवर निभावता येईल का, हे आधीच मोजलेले बरे.

गिरणगावचा धडा

अरुंद कोपऱ्याचा धोका मुंबईने पाहिला आहे. गिरणगावातील खाणावळवाल्या बायका घरापासून दूर राहणाऱ्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. कर्जाचा प्रश्न सुटू लागला. पण १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कामगारांचा पगार थांबला. पगारावर चालणारी खाणावळही त्याच्याबरोबर अडचणीत आली. त्या बायकांच्या हाताची चव किंवा मेहनत कमी पडली नव्हती. त्यांचे सगळे ग्राहक एकाच उद्योगावर जगत होते, हे त्यामागचे कारण. पुढे संस्था केटरिंगसारख्या कामांकडे वळली.

म्हणून कोपरा निवडताना ग्राहकांची गरज एक असावी, पण त्यांच्या पैशाचा झरा एक नसावा. एकाच कारखान्याच्या रात्रपाळीवर उभा केलेला डबा त्या कारखान्याने स्वतःचे उपाहारगृह काढताच संपतो. विद्यार्थी, निवृत्तिवेतनधारक आणि रुग्णाचे नातेवाईक यांची आवड एक असली, तरी त्यांचे पैसे तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात.

शिवणकामातही तेच

हीच कसोटी शिवणकामाला लावून पाहता येते. साध्या ब्लाऊजची शिलाई विचारणारी बाई दोन दुकानांचे दर सांगूनच बोलते. शिवलेली नऊवारी हवी असणारी मात्र आधी विचारते, की पेशवाई पद्धतीची जमते का, नृत्यात काष्टा सुटणार नाही ना, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिळेल का? दर ती नंतर विचारते.

नवख्याला आपला कोपरा सापडला की नाही, हे ओळखण्याची सोपी खूणही हीच. महिनाभर प्रत्येक नव्या ग्राहकाचा पहिला प्रश्न वहीत टिपून ठेवावा. बहुतेक जण ‘किती पैसे?’ एवढेच विचारत असतील, तर धंदा अजून गर्दीतच उभा आहे. ‘भांडी वेगळी आहेत ना?’, ‘साडेपाचच्या आत येतो ना?’ असे प्रश्न आधी येऊ लागले, तर शेजारच्या गल्लीतील २,४०० रुपयांच्या पाटीची चिंता करण्याचे कारण उरत नाही.