‘तू’ कुणाला आणि ‘आपण’ कुणाला? भाषांतरातली जात

“मूळ इंग्रजीत जे आहे तेच आम्ही मराठीत आणतो, आमच्या पदरचं काही घालत नाही.” प्रस्थापित भाषांतरकारांचं हे ठरलेलं उत्तर आम्ही अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे. हे उत्तर खोटं आहे. मुद्दाम खोटं बोलतात असं आमचं म्हणणं नाही, पण इंग्रजीतून मराठीत येताना पदरचं काहीही न घालता एक पानसुद्धा पुढे सरकत नाही. इंग्रजीतला ‘यू’ साहेबालाही तोच आणि सफाई कामगारालाही तोच. मराठीत मात्र त्याचे तू, तुम्ही, आपण असे तीन तुकडे होतात आणि त्यांबरोबर क्रियापदही बदलतं. इंग्रजीतला ‘आय’ बाई बोलली तरी तोच आणि पुरुष बोलला तरी तोच. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. म्हणजे मूळ मजकुरात जे लिहिलेलंच नाही ते भाषांतरकाराला ठरवावं लागतं. आमचा प्रश्न एवढाच आहे की हे तो कशावरून ठरवतो?

तो कानावरून ठरवतो. आणि तो कान कोणत्या आळीत घडला, ते भाषांतरात स्पष्ट ऐकू येतं.

बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ घ्या. ही आत्मकथनपर टिपणं त्यांनी इंग्रजीत लिहिली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 1990 साली पुस्तिकेच्या रूपात काढली आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ती आली. पहिलाच प्रसंग 1901 सालचा, मसूर स्टेशनवरचा. नीटनेटके कपडे घातलेली मुलं वडिलांकडे निघाली आहेत, त्यांना न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुलं महार असल्याचं कळताच त्याचा चेहरा पालटतो आणि तो निघून जातो. पुढे बैलगाडी मिळता मिळत नाही. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार.

हा सगळा व्यवहार घडला तेव्हा मराठीत घडला असणार, साताऱ्याच्या मराठीत. बाबासाहेबांनी तो इंग्रजीत लिहिला आणि इंग्रजीने त्यातला अरे-तुरे पुसून टाकला. आता आपण तो परत मराठीत आणतो, तेव्हा पुसलेलं पुन्हा भरायचं आहे. कसं भरणार?

स्टेशनमास्तरचं पाहू. उत्साही भाषांतरकाराला वाटेल की जात कळायच्या आधी ‘तुम्ही’ आणि कळल्यावर ‘तू’ करावं, म्हणजे नाट्य येईल. इथे थांबायला हवं. समोर एक मुलगा नाही, अनेक मुलं आहेत. अनेकांना मराठीत ‘तुम्ही’च म्हणतात, मग त्यात आदर असो वा नसो. “तुम्ही कुठून आलात?” हे लाडानेही विचारता येतं आणि तुच्छतेनेही. त्यामुळे मध्येच ‘तू’ आणला तर तो एकाच मुलावर वळतो, आणि मूळ प्रसंगात नसलेला माणूस आपण उभा करतो. फरक दाखवायचाच तर तो क्रियापदात सापडणार नाही, संबोधनात सापडेल. ‘बाळांनो’ म्हणणारा माणूस नंतर काहीच संबोधन लावत नाही, नुसतं “मग काय ठरलं?” एवढंच विचारतो. तेवढं पुरतं.

खरी परीक्षा गाडीवानाची आहे. मराठी मध्यमवर्गीय कानाला गाडीवान म्हटला की ‘तू’ आपोआप सुचतो. “काय रे, येतोस का?” प्रवासी गाडीवानाशी असंच बोलतो, असं आपल्या कथा-कादंबऱ्यांनी शिकवलं आहे. पण हे वाक्य त्या मुलांच्या तोंडी घातलं की प्रसंगाचा जीव गेला. इथे पैसे देणारा खाली आहे आणि पैसे घेणारा वर. दुप्पट भाडं देऊनही तो शेजारी बसत नाही, हेच तर सांगायचं आहे! त्या पोरांनी गाडीवानाला “तुम्ही याल का?” असंच विचारलं असणार, आणि गाडीवानाने ‘हाका’, ‘बसा’ म्हटलं असलं तरी ते अनेकवचन आहे, आदर नव्हे. वर्ग एका दिशेने ओढतो आणि जात दुसऱ्या दिशेने ओढते. भाषांतरकाराने फक्त धंदा पाहून क्रियापद निवडलं, तर इंग्रजीत शाबूत असलेली जातिव्यवस्था मराठीत गायब होते. जिथे ती जन्मली त्याच भाषेत! याहून मोठी थट्टा कोणती?

त्याच पुस्तिकेत शेवटाकडे एका अस्पृश्य तरुणाची गुजरातमधली हकीकत आहे. 1936 साली खेडा जिल्ह्यातल्या बोरसदला तो तलाठी म्हणून रुजू व्हायला मामलेदार कचेरीत जातो. कारकून त्याला कोण म्हणून विचारतो आणि उत्तर ऐकताच दूर सरकायला सांगतो. इथे माणूस एकटा आहे, म्हणून क्रियापद बोलायला लागतं. जात कळायच्या आधी कारकुनासमोर नोकरीला आलेला एक शिकलेला माणूस उभा आहे, तेव्हा “कोण तुम्ही?” चालेल. उत्तरानंतर मात्र “दूर हो”. ‘व्हा’चा ‘हो’ झाला, एवढ्या एका अक्षरात सगळा प्रसंग आला. गंमत अशी की ‘जा’ वापरलं तर हे दिसणारच नाही, कारण ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’ यांत ‘जा’ एकच. ‘खा’चंही तसंच. म्हणून अशा जागी हो-व्हा, बस-बसा, थांब-थांबा अशी जोडी निवडावी किंवा ‘उभा राहा’ आणि ‘उभे राहा’ यांतला फरक वापरावा. आणि तरुणाकडून कारकुनाला शेवटपर्यंत ‘आपण’ किंवा ‘साहेब’च जायला हवं, कारण तो ‘तू’ परत करू शकत नाही.

कसोटी हीच आहे. ‘तू’ म्हणजे अपमान नव्हे. आई ‘तू’ असते, आपल्या भीमगीतांत बाबासाहेबही ‘तू’ असतात, खेड्यात शेजारी एकमेकांना जन्मभर ‘तू’ म्हणतात. ‘तू’ दोन्ही बाजूंनी जात असेल तर ती जवळीक. एकाच बाजूने जात असेल आणि उलट बाजूने ‘जी’, ‘मालक’, ‘साहेब’ येत असेल, तर ती उतरंड. म्हणून आमच्या अभ्यासवर्गात भाषांतराला बसण्याआधी आम्ही एक कागद करतो. कोण कुणाशी बोलतो, काय म्हणतो, उलट काय मिळतं, आणि कुठल्या पानावर ते बदलतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढची निम्मी भांडणं त्यात मिटतात.

इथे आमच्याच माणसांना दोन शब्द. आपल्यातले काही कार्यकर्ते सद्भावनेने सगळ्यांनाच ‘आपण’ देऊन टाकतात. पाटील मजुराला “आपण विहिरीवर येऊ नये” म्हणतो! वाचणाऱ्याला वाटेल, काय सभ्य गाव आहे. दलित पात्राचा मान आपण लेखनात राखावाच. निवेदनात ‘तो म्हणाला’ ऐवजी ‘ते म्हणाले’, ‘ती सांगत होती’ ऐवजी ‘त्या सांगत होत्या’ लिहावं, कारण तिथे आवाज आपला आहे. डॉक्टरीणबाई ‘म्हणाल्या’ आणि सफाई कामगार ‘म्हणाली’ हा भेद वर्तमानपत्रं रोज करतात, तो आपण करू नये. पण अत्याचार करणाऱ्याच्या तोंडचा ‘तू’ सुधारायचा हक्क आपल्याला नाही. तो पुरावा आहे.

आता लिंगाचा प्रश्न. तो कमी बोचरा वाटतो, पण आमची सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. विदर्भातल्या एका गावच्या अत्याचाराचा सत्यशोधन अहवाल आमच्याकडे मराठी करायला आला. जबाब मराठीत सांगितलेले, नोंदवलेले इंग्रजीत, साक्षीदारांना नावं नाहीत, फक्त क्रमांक. तिसऱ्या साक्षीदाराचा जबाब आमच्यातल्या एकाने असा केला: “मी शेतातून परत येत होतो. त्यांनी दार तोडलेलं मी पाहिलं. मी एकटा होतो. मी पळालो.” वस्तीत वाचून दाखवला, तेव्हा मागे बसलेली एक बाई म्हणाली, “हे माझं नाही. मी पळाली होती.”

क्रमांकाला लिंग नसतं, म्हणून आम्ही त्याला पुरुष करून टाकलं. साक्षीदार म्हणजे पुरुष, हे आमच्या डोक्यात कुणी घातलं? जातीविरुद्ध लढणाऱ्यांच्या कानातही पुरुषसत्ता असते, एवढं कबूल करून पुढे जातो.

सोपा उपाय होता ‘होते’, ‘एकटी’, ‘पळाले’ करण्याचा. पण त्या अहवालात साक्षीदार स्त्रिया दोनच होत्या. एक ‘गेले’ लिहिलं की गावाला नाव कळलं. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15अ आलं. जनतेला पाहता येणाऱ्या नोंदींत साक्षीदाराचं नाव-पत्ता झाकण्याची तरतूद त्यात आहे. कोर्टाने झाकलेलं आपण एका मात्रेने उघडं पाडायचं का?

तेव्हा वाक्यं बांधायची रीत बदलली. मराठीत सकर्मक भूतकाळात बोलणाऱ्याचं लिंग लपतं: मी पाहिलं, मी ऐकलं, मी सांगितलं. भविष्यकाळातही लपतं: मी सांगेन. अडचण येते ती येणं, जाणं, पळणं, बसणं अशा क्रियापदांची. “शेतातून परत येताना त्यांनी दार तोडलेलं मी पाहिलं” असं केलं, तर शेतातून येणारे ‘ते’ वाटतात. म्हणून “माझी शेतातून परत यायची वेळ होती. त्यांनी दार तोडलेलं मी पाहिलं. माझ्यासोबत कुणी नव्हतं.” पळण्यावर मात्र घोडं अडलं. ‘मी पळ काढला’ लिंगविरहित आहे, पण त्याला भित्रेपणाचा वास येतो. ‘मला पळावं लागलं’ यात सक्ती वाढते. कुणीतरी ‘आम्ही पळालो’ सुचवलं. ‘आम्ही’त बाई-पुरुष दिसत नाही हे खरं (हा लेखही त्याच आडोशाला बसून लिहिला आहे). पण जबाबात एकाचे अनेक झाले की उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, बाकीचे कोण होते? ते नाकारलं आणि ‘मला पळावं लागलं’ ठेवलं, त्या बाईंना विचारून. त्या म्हणाल्या, “लागलंच ना.”

दुसरी साक्षीदार स्त्री म्हणाली की माझं लपवू नका, मी बोलली ते बोलली. तिच्या जबाबात क्रियापदं उघडी ठेवली. मुद्रितशोधकाने ‘मी आली’चं ‘मी आले’ आणि ‘मी बोलली’चं ‘मी बोलले’ केलं होतं, पुण्याच्या व्याकरणाप्रमाणे. ते आम्ही परत ‘आली’, ‘बोलली’ केलं आणि अहवाल छापायला दिला.