चेक परत आला, तारखा लिहून ठेवा

भिलईच्या सिविक सेंटरमधला एक पुरवठादार नागपूरच्या ठेकेदाराला माल देतो. ठेकेदाराचा चेक तो सिविक सेंटरमधल्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरतो आणि चेक ‘अपुरी शिल्लक’ म्हणून परत येतो. फिर्याद कुठे करायची? १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा उत्तर होते नागपूर, कारण चेक देणाऱ्याचे खाते तिथे आहे. देशभरातल्या फिर्यादी त्यामुळे गावोगाव हलवाव्या लागल्या. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १४२ बदलले. चेक खात्यात भरला असेल, तर पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे, तिथल्या न्यायालयाला अधिकार मिळाला. आता आपल्या पुरवठादाराची फिर्याद दुर्ग जिल्ह्यातच दाखल होईल.

अंतराची अडचण गेली, तरी अशी प्रकरणे आजही बुडतात. बुडवतात त्या तारखा आणि नोटिशीतला आकडा. या दोन्ही गोष्टी कचेरीत ठरतात, म्हणून आजचे संपादकीय वकील आणि हिशेबनीस या दोघांसाठी आहे.

समजा, चेक ४,८०,००० रुपयांचा आहे आणि त्यावरची तारीख १० मार्च २०२५ आहे. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत पोचायला हवा. तो २ जूनला भरला आणि परतीचा मेमो ५ जूनला हाती आला. नोटिशीचे ३० दिवस मेमो मिळाल्यापासून मोजायचे आणि मेमोचा दिवस सोडायचा. म्हणजे ५ जुलैपर्यंत नोटीस रवाना झाली पाहिजे. ती २० जूनला स्पीड पोस्टाने गेली आणि २४ जूनला देणेकऱ्याला पोचली. त्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात. तेही पोचल्याचा दिवस सोडून मोजायचे, म्हणजे मुदत ९ जुलैला संपते. फिर्यादीचे कारण १० जुलैला उभे राहते. तो दिवसही सोडून एक महिना मोजला, की शेवटची तारीख १० ऑगस्ट येते.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली घाईची. देणेकऱ्याने नोटिशीला उद्धट उत्तर दिले म्हणून १५ दिवस संपण्याआधीच फिर्याद लावली, तर ती टिकत नाही. योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. दुसरी चूक भिडेची. ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका’ असा फोन येतो आणि घेणेकरी थांबतो. चेकची मुदत बाकी असेल, तर तो पुन्हा भरता येतो आणि नव्या परतीवर नवी नोटीसही देता येते. आपल्या उदाहरणात मात्र ५ जूनला चेकच्या मुदतीचे मोजके दिवस उरले होते. ते भिडेत गेले, की हातात फक्त पहिली परती राहते आणि तिचे ३० दिवस केव्हाच सुरू झालेले असतात. फिर्यादीला उशीर झाला, तर पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही.

आता आकडा. नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागायची. व्याज आणि वकिलाचा खर्च मागायचा असेल, तर तो वेगळा दाखवायचा. कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात (२०२५) चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी पडले. टंकलेखनाची चूक हा बचाव न्यायालयाने मानला नाही. चेक भरण्याआधी देणेकऱ्याने लाखभर रुपये खात्यात जमा केले असतील, तर त्याची नोंद चेकवर व्हायला हवी. ती नसताना पूर्ण रकमेचा चेक भरला, तर दशरथभाई पटेल निकालानुसार (२०२२) तो तेवढ्या कायदेशीर देण्याचा चेक राहत नाही आणि कलम १३८ लागत नाही. म्हणून चेक बँकेत देण्याच्या सकाळी खातेवही आणि बँकेचा उतारा ताडून पाहणे हे हिशेबनीसाचे काम आहे.

चेक देणाऱ्याची जबाबदारी कडक आहे. सही त्याची ठरली, की चेक देण्यापोटीच दिला असे कलम १३९ गृहीत धरते आणि ते खोडण्याचा भार त्याच्यावर येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेक कंपनीचा असेल, तर कंपनीलाच आरोपी केले पाहिजे. फक्त सही करणाऱ्या संचालकावरची फिर्याद अनिता हाडा निकालानंतर (२०१२) उभी राहत नाही.

आमची विनंती एवढीच आहे. परतीचा मेमो येईल, त्याच दिवशी फाइलच्या पहिल्या पानावर चार तारखांसाठी जागा करा आणि तारखा कळतील तशा लिहा: मेमो मिळाल्याची, नोटीस पाठवण्याच्या शेवटच्या दिवसाची, नोटीस पोचल्याची आणि फिर्यादीच्या शेवटच्या दिवसाची. पोचल्याची तारीख पोस्टाच्या नोंदीवरूनच घ्या आणि ती नोंद छापून फाइलला लावा. नोटिशीवर सही करण्यापूर्वी चेक समोर ठेवून आकडा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.