व्याज पंचवीस रुपये, दंड एकशे सहा

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावात बँक निवडताना लोक बहुधा व्याजदर विचारतात. लहान खात्यासाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. वर्षभर सरासरी एक हजार रुपये शिल्लक असेल, तर अडीच टक्क्यांनी व्याज मिळते पंचवीस रुपये. दुसऱ्या बँकेच्या एटीएमचे महिन्यात पाच व्यवहार मोफत असतात. सहाव्याला 1 मे 2025 पासून 23 रुपयांपर्यंत शुल्क आणि वर जीएसटी, म्हणजे 27 रुपये 14 पैसे. वर्षाचे व्याज एका फेरीत संपले. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहार मोजला जातो.

आता दंड पाहू. समजा, अट अडीच हजारांची आहे, शिल्लक सरासरी एक हजार आणि दंड तुटीच्या सहा टक्के. तूट दीड हजार, दंड नव्वद, जीएसटीसह 106 रुपये 20 पैसे. एका महिन्यात चार वर्षांहून अधिक व्याज गेले.

मात्र 'सरासरी' या शब्दात खातेदाराचा बचावही आहे. रोजच्या शेवटच्या शिल्लकेची बेरीज करून ती महिन्याच्या दिवसांनी भागतात. उसाच्या बिलाचे पंधरा हजार पाच दिवस खात्यात राहिले, तर बेरीज 75 हजार. तीस दिवसांनी भागले की अडीच हजार. पुढे खाते रिकामे झाले तरी त्या महिन्याची अट पूर्ण झाली. म्हणून बँकेत विचारावे, सरासरी महिन्याची धरता की तिमाहीची?

रिझर्व्ह बँकेचे 2014 चे परिपत्रकही माहीत असावे. दंड तुटीच्या प्रमाणातच हवा, आधी कळवून एक महिन्याची मुदत द्यायला हवी आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये. संदेशांचे शुल्कही प्रत्यक्ष वापरावर आकारायचे आहे. पासबुकात दर तिमाहीला तीच ठरावीक रक्कम कापलेली दिसली, तर हिशेब लेखी मागावा.

स्टेट बँकेने किमान शिल्लकेची अट 2020 मध्येच काढली. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल आणि बडोदा बँकेनेही साध्या बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. तो घेतल्याशिवाय बँक चालत नाही, हा युक्तिवाद आता टिकत नाही.

आणि जिथे अट आहे, तिथेही 'मूलभूत बचत खाते' असतेच. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड मोफत मिळते आणि महिन्यात किमान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. सध्याचे बचत खाते अर्ज देऊन त्यात बदलता येते. त्याच बँकेत दुसरे बचत खाते मात्र ठेवता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की दंडाची सूचना पाठवताना बँकेने हा पर्यायही त्याच संदेशात मराठीत लिहावा. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याच्याकडूनच शुल्क घ्यायचे आणि सुटकेची वाट मात्र सांगायची नाही, हा व्यवहार न्याय्य नाही.