तळ्यांतील चार छायाचित्रें

गेल्या भाद्रपदांत एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. सोबत मोबाईलवर घेतलेलीं चार छायाचित्रें होतीं. गणपतीसाठीं त्यांचें सारें कुटुंब पुण्याहून कोकणांतील घरीं गेलें होतें. पोफळीच्या बागेमागें त्यांचें एक लहानसें तळें आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनीं तेथें ओंजळींत पाणी घेतलें आणि दुसऱ्याच क्षणीं ते किंचाळत घराकडे धांवले. तळहातावर एक लाल ठिपका आणि भोंवतीं थोडी सूज. आजीबाईंना सापाचा संशय आला. गांवच्या दवाखान्यांत नेऊन मुलाला कांहीं तास देखरेखीखालीं ठेवलें, तें योग्यच झालें. सायंकाळपर्यंत दुःख ओसरलें. पण मुलगा पाण्याकडे फिरकेना, आणि काकांनीं तळ्यांत ब्लीचिंग पावडरची गोणी रिकामी करण्याचा बेत केला. त्यापूर्वीं या भगिनींनीं चाळणीनें तळें ढवळून जे प्राणी हातीं लागले त्यांचीं चित्रें घेतलीं. पत्राच्या शेवटीं त्या लिहितात, "गुरुजी, यांतला चावरा कोण तेवढें सांगा. घरांतील सर्वांचा संशय चौथ्यावर आहे. दुसरें चित्र उलटें आलें होतें, तें मीं सरळ करून पाठविलें आहे."

चौथ्यावर संशय कां आला हें चित्र पाहतांच आमच्या ध्यानीं आलें. तो दिसण्यांत सर्वांहून कुरूप आहे. परंतु पाण्यांतील किड्यांचा चावरेपणा रूपावरून ठरत नाहीं. तो मुखाच्या घडणीवरून ठरतो. कांहीं किड्यांस डासाप्रमाणें टोंचणारी सोंड असते व कांहींस कातरीसारखे जबडे असतात. सोंडवाला टोंचून आंत लाळ सोडतो. भक्ष्याचें मांस विरघळविणारी ती लाळ आपल्या कातडीखालीं गेली कीं आग होते. अडचण ही कीं सोंड डोक्याखालीं दुमडलेली असते आणि वरून घेतलेल्या चित्रांत ती दिसत नाहीं. म्हणून दुसऱ्या खुणांवरून कुळ ओळखावें व कुळावरून मुख जाणावें. सुदैवानें भगिनींनीं पहिल्या चित्रांत किड्याशेजारीं रुपयाचें नाणें ठेवलें होतें. ही सवय फार चांगली. नाण्यावांचून अर्ध्या इंचाचा किडा आणि तीन इंचांचा किडा चित्रांत सारखेच दिसतात.

पहिल्या चित्रांतील प्राणी वाळक्या पानासारखा चपटा, तपकिरी, लांबट वाटोळा व रुपयाहून कांहींसा लहान आहे. पुढचे दोन पाय आंकड्यासारखे वळलेले आहेत. पाठीवर शेंगदाण्याच्या कुटासारखें कांहीं दाटीनें चिकटलेलें दिसतें. "याला कसलासा रोग झाला आहे," असें भगिनी लिहितात. तो रोग नव्हे, तो संसार आहे! हा पाणढेकूण. शास्त्रांत याला डिप्लोनिकस म्हणतात. याची मादी अंडीं घालते तीं नराच्या पाठीवर, आणि पिल्लें बाहेर पडेपर्यंत बिचारा नर तो भार वाहतो. याचा वडील भाऊ लेथोसेरस इंडिकस हा अडीच-तीन इंच लांब असून पावसाळ्यांत रात्रीं विजेच्या दिव्यावर येऊन आदळतो. हे दोघेही सोंडवाले. दोघेही चावतात, आणि मोठ्याचा दंश तर अतिशय दुःखदायक असतो. पाण्याबाहेर काढल्यावर हे पुष्कळदा मेल्याचें सोंग घेऊन निपचित पडतात. त्यास मेलेला समजून मुलें हातांत घेतात आणि पस्तावतात.

दुसऱ्या चित्रानें आम्हांस घटकाभर हंसविलें. कांचेच्या बाटलींत चंदेरी, होडीच्या आकाराचा, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षां लहान असा प्राणी आहे. पाय खालीं, पाठ वर, सारें यथास्थित. मात्र बाटलीचें तोंड खालीं आहे आणि पाणी कांहीं सांडत नाहीं! भगिनींनीं किडा सरळ करण्यासाठीं सारी बाटलीच उलटी केली. मूळ चित्रच बरोबर होतें. हा प्राणी जन्मभर उताणाच पोहतो. त्याची पाठ होडीच्या तळासारखी मध्यें उंच असते, मागचे दोन पाय वल्ह्यांसारखे लांब व केंसाळ असतात, आणि पोटाशीं धरून ठेवलेल्या हवेमुळें तो पाऱ्यासारखा चकाकतो. श्वास घेण्यास तो पृष्ठभागाशीं येतो व शेपटाचें टोंक वर लावून, डोकें खालीं करून लटकतो. याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक वल्हेवाला किडा आहे, पण तो पालथा पोहतो, त्याची पाठ चपटी असते, आणि तो माणसास चावत नाहीं. म्हणून असल्या प्राण्याचें चित्र बाजूनें घ्यावें आणि पाण्याचा पृष्ठभाग चित्रांत येऊं द्यावा. पृष्ठभाग कोठें आहे हें कळलें नाहीं तर या दोघांतला मुख्य भेदच नाहींसा होतो. उताण्याची सोंड आंखूड पण तीक्ष्ण असते, आणि त्याच्या दंशाचें दुःख मधमाशीच्या नांगीसारखें असतें.

तिसरा पाणभुंगेरा. काळसर हिरवा, तुळतुळीत, इंचभर लांब, कडेला पिवळी किनार. पाणढेकणापासून हा ओळखण्याची खूण पाठीवर असते. भुंगेऱ्याचे दोन कठीण पंख मध्यें एका सरळ रेषेंत मिळतात, दाराच्या दोन फळ्यांप्रमाणें; ढेकणाचे पंख टोंकाशीं एकमेकांवर चढतात. भुंगेऱ्यास जबडे असतात. मुठींत आवळला तर तो चिमटा घेईल. आपण होऊन माणसाच्या वाटेस जाणार नाहीं.

बापाची ही गोष्ट झाली, लेंकराची निराळी. पाणभुंगेऱ्याची अळी लांबट, मागें निमुळती होत गेलेली असून तिच्या डोक्यापुढें विळ्यासारखे दोन जबडे उघडे दिसतात. इंग्रजींत तिला पाण्यांतला वाघ म्हणतात. ते विळे आंतून पोकळ असतात. त्यांतूनच ती भक्ष्यांत पाचक रस सोडते व विरघळलेलें मांस शोषून घेते. मोठी अळी हातांत धरली तर कडकडून चावते. भगिनींच्या चाळणींत ती आली नव्हती. तरी तिचा उल्लेख येथें अवश्य आहे, कारण चौथ्या चित्रांतल्या प्राण्याशीं लोक तिचीच गल्लत करतात आणि तिच्या अपराधाची शिक्षा त्यास भोगावी लागते.

चौथा म्हणजे चतुराचें पिल्लू. पावसाळ्याच्या अखेरीस शेतावर जे चतुर घिरट्या घालतात, त्यांचें बालपण असें चिखलांत जातें. रंग गाळासारखा, डोळे मोठे, पाय कोळ्यासारखे पसरलेले. पण मोजून सहाच. कोळ्यास आठ असतात. आमच्या संस्कृतांत भ्रमराला षट्पद म्हणतात. पाय मोजण्याची संवय आपल्याकडे जुनी आहे, ती मध्यें कोठें सुटली कोण जाणे. भुंगेऱ्याच्या अळीपासून याचा भेद दोन खुणांनीं कळतो. याच्या पाठीवर भावी पंखांच्या चार लहान पिशव्या असतात, अळीला त्या नसतात. मात्र अगदीं कोंवळ्या पिल्लांत त्या स्पष्ट दिसत नाहींत. आणि याचे जबडे समोर उघडे दिसत नाहींत, कारण खालचा ओंठ तोंडावर बुरख्यासारखा दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं तो ओंठ सर्रकन् पुढें फेंकला जातो आणि टोंकाच्या चिमट्यानें डासाची अळी पकडून मागें येतो. माणसाच्या बोटास त्याचा फार तर ओझरता चिमटा बसेल. त्यास विषारी लाळ सोडणारी सोंड नाहीं. घरानें ज्याला फांशी ठोठावली, तो असा निरपराध.

आतां ओंजळीकडे वळूं. भुंगेरा मुठींत आवळला गेला नव्हता, तो सुटला. चतुराचें पिल्लू तळाशीं गाळांत वा पाणवनस्पतींवर असतें. वरचें पाणी ओंजळींत घेतांना तें येण्याचा संभव थोडा, आणि आलें तरी असें दुःख त्याच्यानें होणार नाहीं. उरले दोघे सोंडवाले. पाणढेकूण बहुधा कांठच्या शेवाळांत व पाणगवतांत दडून राहतो आणि पाय पडला अथवा हातांत धरला म्हणजे चावतो. उताणा मात्र उघड्या पाण्यांत, पृष्ठभागाजवळ असतो. ओंजळींत सांपडण्यासारखा तोच. दुःख एका बिंदूंत सुरू झालें व संध्याकाळपर्यंत गेलें, हेंही त्याच्याशीं जुळतें. एवढ्यावरून आम्हीं दुसऱ्याचें नांव लिहून पाठविलें. मात्र पहिल्याला साफ निर्दोष म्हणतां येत नाहीं हेंही कळविलें, आणि चावलेला प्राणी मोठा होता कीं लहान, चपटा होता कीं चकाकणारा, हें मुलाला, उत्तर न सुचवितां, विचारावें असें सुचविलें. "पांढरी चमकणारी होडी," असें चिरंजीवांचें उत्तर आलें.

अशा दंशावर उपाय साधा आहे. जागा साबणपाण्यानें धुवावी व थंड पाण्याची पट्टी ठेवावी. परंतु चेहरा किंवा ओंठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. आणि चावणारा कोणीं पाहिलाच नसेल, तर खूण बारीक आहे म्हणून साप नव्हे असें ठरवूं नये. मण्याराच्या दंशाची खूण कित्येकदां दिसत देखील नाहीं. म्हणूनच आजीबाईंनीं केलेली घाई आम्हांस योग्य वाटते.

काकांच्या गोणीविषयीं आम्हीं एवढेंच लिहिलें. उताणा आणि चतुराचें पिल्लू हे दोघेही डासांच्या अळ्यांवर जगतात. ब्लीचिंग पावडरनें दोघेही मरतील, डासही मरतील. पण तिचा जोर ओसरल्यावर डास परत येतात ते प्रथम. उन्हाच्या दिवसांत अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. चतुराच्या पिल्लांस बहुधा कित्येक आठवडे, कित्येकांस महिने लागतात. मधला सारा काळ तळें डासांच्या स्वाधीन. रॉकेल ओतण्याचाही एक सल्ला घरांत निघाला होता. त्याच्या तवंगानें वर येऊन श्वास घेणारे उताणे, ढेकूण आणि भुंगेरे गुदमरतील. त्यापेक्षां मुलानें ओंजळीऐवजीं तांब्या वापरावा आणि कांठच्या गवतांत अनवाणी उतरूं नये.

गोणी उघडली गेली नाहीं. दसऱ्याच्या सुमारास पांचवें छायाचित्र आलें. कमळाच्या देंठाला पाण्यावर वीतभर उंचीवर तोच कुरूप प्राणी चिकटलेला, पाठ उभी फाटलेली, फटींतून पांढरे दोरे लोंबत आहेत. खालीं मुलाच्या अक्षरांत लिहिलें होतें, "गुरुजी, याला कोणीं मारलें?" आम्हीं लिहिलें कीं कोणीं नाहीं. ती नुसती कात आहे. पांढरे दोरे म्हणजे त्याच्या श्वासनलिकांचीं जुनीं अस्तरें. आंतला प्राणी चतुर होऊन उडून गेला आहे, आणि कात उन्हांत वाळवून काड्यापेटींत कापसावर ठेवली तर ती पुष्कळ दिवस टिकेल.