माकड की वानर? निर्णय शेपटीवरून

शहरालगत टिपलेल्या छायाचित्राखाली सरसकट ‘माकड’ असे लिहिले जाते. आता ही ढिलाई महागात पडू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ऱ्हीसस माकड संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीतून वगळले गेले. टोपी माकड व वानर यांचे संरक्षण मात्र कायम आहे. महाराष्ट्रात हे तिन्ही प्राणी आढळतात, त्यामुळे ओळख चुकली की कायदाही चुकीचा लावला जातो.

वानर ओळखणे सोपे आहे. काळेभोर तोंड, राखाडी अंग, लांब हातपाय आणि धडाहून लांब शेपटी ही त्याची लक्षणे. खरी गफलत दोन माकडांत होते. दोघांचेही तोंड गुलाबी-तांबूस असते, त्यामुळे चेहऱ्याचा रंग येथे निर्णायक ठरत नाही. ऱ्हीससची शेपटी धडाच्या साधारण निम्मी असते आणि कमरेखालचे केस नारिंगी दिसतात. टोपी माकडाची शेपटी जवळपास धडाइतकी लांब असते व डोक्यावरील केस मध्यातून चहूकडे पसरून टोपीसारखे दिसतात.

सोसायटीच्या कठड्यावर समोर तोंड करून बसलेल्या प्राण्याचे छायाचित्र घ्या. शेपटी मागे झाकलेली असेल, तर आधी डोक्यावरील केस पाहावेत. तुटक्या शेपटीचे टोपी माकड ऱ्हीसस वाटू शकते; तेथेही केसांची टोपीच खरी साक्ष देते. आकारावर विसंबू नये, कारण शेजारी मोजमापाची वस्तू नसल्यास पिल्लू आणि प्रौढ यांतही घोटाळा होतो. वानराच्या नवजात पिल्लाचे तोंड तर फिकट असते. म्हणून एका प्राण्यावरून नव्हे, तर कळपातील प्रौढांवरून निष्कर्ष काढणे इष्ट.