राहिलेले शॉट आणि राहिलेला अर्थ

परवा एका माजी विद्यार्थ्याशी भांडण झालं. मी सत्तरी ओलांडलेली निवृत्त मास्तरीण, तो चाळिशीचा हौशी दिग्दर्शक. मे महिन्यात भोरकडच्या एका गावात त्याने लघुपट केला, तेव्हा कंटिन्युइटीची वही माझ्याकडे होती. जुलैत म्हणाला, "बाई, पहिली जोडणी झाली, बघायला या."

पहिली जोडणी म्हणजे पटकथेतले सगळे प्रसंग, काहीही न गाळता, ओळीने लावलेली कच्ची फिल्म. लघुपट पंचवीस मिनिटांचा व्हायचा, जोडणी भरली ४६ मिनिटं. दिवे लागले आणि याने यादी काढली. राहिलेले शॉट, एकूण १९! एस.टी. गावात शिरताना, डोंगरावरून ड्रोन, देवळातली गर्दी... दोन दिवस, गाडी, कॅमेऱ्याचं भाडं, नट, जेवणं धरून ऐंशी हजार. पहिल्या शूटिंगला आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. आता बोरमाळेची पाळी.

मी म्हटलं, "फाड ती यादी."

माझा राग त्या मुलावर नव्हता, या पद्धतीवर आहे. जोडणी ही फिल्मची सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाईट अवस्था. ती बघून दिग्दर्शक खचतो, आणि खचलेल्या माणसाला जिथे तिथे भोकं दिसतात. पण ज्या प्रसंगात भोक दिसतं, तो प्रसंगच उद्या जाणार असेल तर? तुम्ही म्हणाल, उशीर केला तर नट मिळत नाहीत, दाढ्या उतरतात, केस कापले जातात. खरं आहे. म्हणून जोडणीच्या दिवशी करायचं ते एवढंच, की नटांना फोन करून केस-दाढी राखायला सांगायचं आणि कपडे, वस्तू कुलुपात ठेवायच्या. शूटिंग मात्र काटछाटीनंतर.

त्याने ऐकलं. महिनाभरात फिल्म २७ मिनिटांवर आली आणि १९ पैकी १२ शॉट ज्या प्रसंगांतले, ते प्रसंगच गेले.

मग पटकथा न वाचलेल्या तिघा शेजाऱ्यांना फिल्म दाखवली. "काय राहिलंय?" असं विचारलं नाही, "गोष्ट सांगा" म्हटलं. वडील शेत परस्पर विकतात, मुलगी मुंबईहून येते, तिला ते कळतं, आणि ती न भांडता परत जाते. तिघेही एकाच जागी अडखळले: तिला कळलं कसं? ड्रोनची आठवण कुणालाच झाली नाही.

उरलेल्या सातांपैकी पाच घरातच सापडले. वडिलांचा हवा असलेला चेहरा एका टेकच्या शेपटीत होता. 'कट' म्हटल्यावर ते नट नकळत चष्मा पुसत बसले होते! एक खुलासा त्यांच्या पाठमोऱ्या शॉटवर डबिंग करून घातला. पाठ दिसते तेव्हा ओठ जुळवावे लागत नाहीत. बाकीच्या तिघांवाचून काही अडलं नाही.

राहिले दोन. ट्रंकेतलं खरेदीखत उलगडणारे हात, आणि ते वाचणारा मुलीचा चेहरा. यांना गावी जायची गरजच नव्हती. गेलो असतो तर फसलो असतो. मेमधले करपलेले डोंगर ऑगस्टमध्ये हिरवेगार होते. माझ्या घरात निळी भिंत आहे, त्या गावातल्या घरासारखी. वहीत लिहिलं होतं: सकाळ, उजेड डावीकडून, ५० ची लेन्स, पदर उजव्या खांद्यामागे, काचेच्या बांगड्या चार. खिडकी लावून घेतली, तोच कॅमेरा आणला, डावीकडे दिवा ठेवला. अर्धा दिवस, नऊ हजार रुपये. बोरमाळ वाचली.

आपल्याकडे काटकसर म्हटलं की हौशी कारभार वाटतो. 'जॉज' (१९७५) घ्या. चाचणी खेळांनंतर स्पीलबर्गना आणखी एक किंकाळी हवी होती. स्टुडिओ पैसे देईना, तेव्हा त्यांनीच सांगितल्याप्रमाणे पदरचे तीन हजार डॉलर घातले. समुद्रावर न जाता संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या पोहण्याच्या तलावात, पाणी गढूळ दिसावं म्हणून दुधाची पावडर कालवून, फुटक्या बोटीतून बाहेर येणाऱ्या मुंडक्याचा शॉट घेतला. एकच शॉट, पण प्रेक्षकाच्या मनात काय घडायला हवं ते आधी ठरलेलं.

शॉट राहिला म्हणून घ्यायचा नसतो. अर्थ राहिला तर घ्यायचा. तोही काटछाट, जुने टेक आणि आवाज हे तिन्ही फुकटचे उपाय थकल्यावर.

विद्यार्थी अजून म्हणतो, "बाई, ड्रोन असता तर भारी दिसलं असतं." दिसलं असतं की! पण कोणाच्या बोरमाळेवर?

असो.