भगवंत, अॅट आणि १८९७

मागच्या शनिवारी बार्शीला ताईकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर दाजींनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "तुझं ऐकून पासवर्ड मॅनेजर घेतला बरं का! आणि मास्टर पासवर्ड असा ठेवलाय की कुणाच्या बापाला कळणार नाही." आणि लगेच मला सांगूनही टाकला. `Bhagwant@1897`. ग्रामदैवत, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ते साल.

आता माझं भांडण दाजींशी नाही. ज्यांनी आपल्याला "एक कॅपिटल, एक चिन्ह, एक आकडा" एवढंच शिकवलं, त्यांच्याशी आहे. हा नियम पाळून माणूस नेमकं तेच करतो जे चोराला आधीच माहीत असतं: आवडतं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग @, मग साल.

हिशोब करू. देव, गावं, आडनावं, हिरो मिळून २०,००० नावं धरा. पहिलं अक्षर कॅपिटल किंवा साधं, म्हणजे २ प्रकार. चिन्हं १०, सालं २००. गुणाकार ८ कोटी. चोराची यंत्रं सेकंदाला १० लाख अंदाज करतात असं समजा, तर सगळे ८ कोटी संपायला ८० सेकंद. दाजींचा चहा गार व्हायच्या आत!

तुम्ही म्हणाल, तीन चुकांनंतर अकाउंट लॉक होतं की. होतं, पण ते वेबसाइटवर. तिजोरीची फाइलच चोरीला गेली तर लॉक करणारं कुणी नाही. हे घडलेलं आहे. २०२२ मध्ये लास्टपासमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअप चोरीला गेले. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण ते उघडायला चोराला हवा होता फक्त मास्टर पासवर्ड. अशा फाइलपुढे ओटीपी सहसा कामाला येत नाही. आणि नंतर मास्टर पासवर्ड बदलला तरी चोरलेली प्रत जुन्यानेच उघडते.

मग करायचं काय? डोकं वापरायचं नाही! फासे वापरायचे. भाच्याचा लुडो काढला. ईएफएफ या संस्थेची ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी नेटवर फुकट आहे. फासा पाच वेळा टाकायचा, जो पाच आकडी नंबर येईल त्यासमोरचा शब्द घ्यायचा. १११११ आला तर `abacus`, ६६६६६ आला तर `zoom`. असे पाच शब्द, म्हणजे पंचवीस वेळा फासा. त्याच चोराला सगळे पर्याय तपासायला आता साधारण ९ लाख वर्षं लागतील, आणि तेही यादी त्याच्या हातात असताना.

दुसराच शब्द दाजींना आवडला नाही. "परत टाकू का?" नाही! आवडीचा शब्द येईपर्यंत टाकत बसलात की निवड पुन्हा तुमच्या डोक्याची झाली. शब्दांचा क्रमही लावायचा नाही. मराठी शब्द चालतील का? यादी स्वतः बनवलीत तर चालतील, पण रोमनमध्ये `wangi` की `vaangi` हे महिन्याने आठवणार नाही, म्हणून पहिल्यांदा इंग्रजी यादीच बरी.

आता लक्षात ठेवणं. पाच शब्दांची एक वेडगळ गोष्ट करा, जितकी अचाट तितकी चांगली. शब्द कागदावर लिहा, होय, कागदावर! दोन आठवडे फिंगरप्रिंट बंद ठेवून रोज हाताने टाइप करा, आधी न बघता आणि अडलं तरच बघून. सलग तीन दिवस कागद लागला नाही की तो पाकिटात घालून कपाटात, सातबारा आणि एफडीच्या पावत्यांजवळ. वर "पासवर्ड" असं लिहू नका. पुढे महिन्यातून एकदा फिंगरप्रिंटशिवाय उघडून बघा. बोटं अडखळली तर पुन्हा आठवडाभर सराव.

लोक कागदाला हसतात आणि स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर मेसेज करून ठेवतात. कपाटातल्या कागदासाठी चोराला बार्शीला यावं लागेल. फोनमधला फोटो मात्र गुपचूप क्लाउडवर जातो, आणि त्या क्लाउडचा पासवर्ड पुन्हा त्याच तिजोरीत!

एक मर्यादा आहे. कॉम्प्युटरमध्येच टायपिंग चोरणारं काही बसलं असेल तर पाच काय, पन्नास शब्दही वाचवणार नाहीत. दुसऱ्याच्या मशीनवर तिजोरी उघडायची नाही, बस्स.

असो. निघताना दाजी नवे शब्द सांगायला लागले होते. मी कानांवर हात ठेवून सरळ एसटी स्टँड गाठलं :-)